मॅक्स हार्ट रेट आणि झोन: ‘२२० वजा वय’ हे सूत्र साठीतल्या धावपटूला का फसवतं?

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. पहाटे साडेपाचला मी मामांसोबत भिवंडीच्या वऱ्हाळदेवी तलावाकडे धावायला गेलो होतो. मामा ६२ वर्षांचे. तीस वर्षं यंत्रमागाच्या खात्यात जॉबर होते, आता निवृत्त आहेत आणि गेली सहा वर्षं नेमाने धावतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या २१ किलोमीटरसाठी त्यांची तयारी चालू होती. नवीन स्मार्टवॉच मीच त्यांना वाढदिवसाला दिलं होतं.

दहा मिनिटं झाली नसतील, घड्याळ थरथरलं. स्क्रीनवर लाल पट्टा आणि ‘झोन ४’. मामा थांबले, चालायला लागले. पट्टा हिरवा झाला की पुन्हा धावायचे आणि दोन मिनिटांत पुन्हा लाल. गंमत म्हणजे हा सगळा वेळ ते माझ्याशी गप्पा मारत होते, बाजारातल्या भाज्यांच्या भावापासून भाच्याच्या लग्नापर्यंत. धाप मला लागली होती, त्यांना नाही.

“दीड महिना असंच चाललंय रे,” मामा म्हणाले. “हे म्हणतंय हळू धावा. याच्यापेक्षा हळू म्हणजे चालणंच झालं. बहुतेक माझं हार्टच आता साथ देत नाही. नाव काढून घेतो मी जानेवारीचं.”

घड्याळ मी दिलेलं, म्हणजे चूक शोधणंही माझ्याच अंगावर आलं. ती चूक मामांच्या हृदयात नव्हती, घड्याळाच्या सेन्सरमध्येही नव्हती. ती होती एका वजाबाकीत. तुमच्या मनगटावर किंवा फोनमधल्या फिटनेस अॅपमध्येही बहुधा तीच वजाबाकी चालू असेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

## आधी झोन म्हणजे काय ते बघू

हृदय एका मिनिटात जितक्या वेळा धडधडतं तो हार्ट रेट. पूर्ण ताकद लावून, आता आणखी एक पाऊलही नको असं होईपर्यंत धावलात की तो ज्या आकड्यावर जाऊन अडकतो, तो तुमचा मॅक्स हार्ट रेट. बहुतेक घड्याळं या मॅक्सचे टक्के काढून पाच पट्टे पाडतात. ५० ते ६० टक्के हा पहिला झोन, ६० ते ७० दुसरा, आणि असं करत ९० ते १०० टक्के पाचवा.

पहिला झोन म्हणजे भरभर चालणं. दुसरा म्हणजे आरामात धावणं, ज्यात पूर्ण वाक्यं बोलता येतात. लांब अंतराची तयारी करणारे लोक आठवड्यातला बराचसा वेळ याच झोनमध्ये घालवतात, कारण यात शरीर दमून न जाता जास्त किलोमीटर करता येतात. तिसऱ्यात बोलणं तुटक होतं. चौथ्यात दोन-तीन शब्दांवर येतं. पाचव्यात बोलायचं नावच नको, आणि तिथे काही मिनिटांच्या वर टिकताही येत नाही.

आता लक्षात घ्या, हे पाचही पट्टे एकाच आकड्यावर लटकलेले आहेत. मॅक्स चुकला की पाचही चुकतात. आणि घड्याळाला तुमचा मॅक्स माहीत नसतो. त्याला माहीत असते तुम्ही सेटअप करताना टाकलेली जन्मतारीख. मग अनेक घड्याळं आणि अॅप सरळ २२० मधून वय वजा करतात.

मामांचं वय ६२. म्हणून २२० − ६२ = १५८. त्याचे ८० टक्के म्हणजे १२६. मामा गप्पा मारत धावताना त्यांचा हार्ट रेट असायचा १३० च्या आसपास. म्हणून घड्याळाच्या हिशेबाने तो झोन ४, म्हणजे ज्यात माणसाला दोन-तीन शब्दच बोलता येतात. मामा तर अख्खं लग्न सांगत होते!

## २२० आलं कुठून?

मला वाटायचं की यामागे कुणीतरी मोठा प्रयोग केला असणार. तसं नाही. हे सूत्र अमेरिकेतल्या सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल या दोघांच्या नावाशी जोडलं जातं. १९७१ मध्ये हृदयविकार आणि व्यायाम यांवरच्या एका लेखात त्यांनी आधी झालेल्या दहाएक अभ्यासांतले आकडे एका आलेखावर मांडले. ठिपके वयानुसार खाली उतरत होते आणि त्यांतून जाणारी एक सोपी रेघ म्हणजे २२० वजा वय. साधारण अंदाज यावा इतकाच तिचा उपयोग होता. पण सूत्र तोंडी करता येण्याइतकं सोपं, त्यामुळे ते पुस्तकांत गेलं, जिमच्या भिंतींवरच्या तक्त्यांवर गेलं, ट्रेडमिलमध्ये गेलं आणि शेवटी आपल्या मनगटावर आलं.

२००१ मध्ये अमेरिकेतल्याच हिरोफुमी तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यास एकत्र केले. त्यांत १८,७१२ निरोगी माणसांचे आकडे होते. त्यांतून जी रेघ निघाली ती अशी: २०८ − (०.७ × वय). म्हणजे वय एका वर्षाने वाढलं तर मॅक्स एक ठोका नव्हे, साधारण पाऊण ठोका उतरतो. फरक बारीक वाटतो, पण वर्षांगणिक साठत जातो.

| वय | २२० − वय | २०८ − (०.७ × वय) |
|---|---|---|
| २० | २०० | १९४ |
| ४० | १८० | १८० |
| ५० | १७० | १७३ |
| ६० | १६० | १६६ |
| ७० | १५० | १५९ |

चाळीशीत दोन्ही रेघा एकमेकींना भेटतात. त्याच्या आधी जुनं सूत्र थोडं जास्त सांगतं, त्याच्यानंतर कमी, आणि वय वाढेल तसं आणखी कमी. जुन्या सूत्राच्या मागे साठीच्या पुढची माणसं मुळात थोडीच होती. म्हणून मामांच्या वयाला ते सगळ्यात जास्त घसरतं.

पण खरी अडचण पुढे आहे. तानाकांची रेघही सरासरीचीच रेघ आहे. एकाच वयाच्या माणसांचे मॅक्स मोजले तर ते या रेघेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले सापडतात. साधारण तीनपैकी दोघं रेघेच्या वर-खाली १० ठोक्यांच्या आत असतात, बाकीचे त्याच्याही बाहेर. मामांसाठी नवीन सूत्र १६५ सांगतं. म्हणजे ६२ वर्षांच्या निरोगी माणसाचा मॅक्स १५५ असू शकतो, १७५ असू शकतो, आणि दोन्ही अगदी नॉर्मल. त्यातून तो जास्त असणारा माणूस जास्त फिट असतो असंही नाही. हृदयाला लय देणारी जी गाठ आहे, तिचा वेग वयानुसार मंदावतो आणि तो किती मंदावणार हे ज्याचं त्याचं असतं. व्यायामाने मॅक्स फारसा वाढत नाही. व्यायामाने एका ठोक्यात जास्त रक्त ढकललं जातं, म्हणून बसलेले असतानाचा हार्ट रेट उतरतो. मामांचा सकाळी उठल्याउठल्या ५४ असतो, माझा ७१. कोण फिट आहे ते वेगळं सांगायला नको.

मी हे मामांना समजावलं तर ते हसून म्हणाले, “लूम किती सालचा आहे ते बघून त्याचा स्पीड नाही ठरवत रे. चालवून, कान देऊन ठरवतात.”

## मग आम्ही चालवून बघितलं

पहिली शंका अशी की घड्याळ हार्ट रेट तरी बरोबर दाखवतंय ना? मी अॅपमधला मागच्या महिन्याचा आलेख उघडला. एका दिवशी आकडा ९८ वरून एका मिनिटात १६२ वर उडाला होता आणि पुढची वीस मिनिटं तिथेच, रुळावर ठेवल्यासारखा सरळ. त्याखालीच पावलांचा आलेख होता, मिनिटाला १६२ पावलं. म्हणजे त्या दिवशी घड्याळाने ठोके नाही, पावलं मोजली होती.

असं होतं, कारण मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश टाकून कातडीखालच्या रक्ताची ये-जा बघतं. पट्टा सैल असला की प्रत्येक पावलाला घड्याळ हलतं आणि त्या हिसक्यालाच ते ठोका समजतं. ओळखायची खूण सोपी आहे. खरा हार्ट रेट धावायला लागल्यावर दोन-तीन मिनिटांत चढत जातो आणि चढ-उतारावर हलतो. आकडा एकदम उडाला, सपाट राहिला आणि पावलांच्या आकड्याशी जुळला, तर तो दिवस सोडून द्या. आम्ही पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधला आणि दोन आठवड्यांसाठी छातीवर बांधायचा पट्टा एका मित्राकडून आणला. तो विजेच्या संकेतावरून ठोके मोजतो, त्यामुळे पावलांनी फसत नाही. त्यावरही गप्पा मारत धावतानाचा आकडा १२८ ते १३२ आला. म्हणजे एरवी घड्याळाचे ठोके खरे होते, हिशेब खोटा होता.

आता खरा मॅक्स. इंटरनेटवर याच्या युक्त्या भरपूर आहेत: चढावर तीन-तीन मिनिटं जीव तोडून धावा आणि सगळ्यात वरचा आकडा घ्या वगैरे. तुम्ही विशीत असाल, तब्येत ठणठणीत असेल, तर ठीक. पण ६२ वर्षांच्या माणसाला तलावाकाठी असं धावायला लावणं मला पटेना. एवढ्या जोराच्या धावण्यात हृदयाची लपलेली अडचण पहिल्यांदा वर येऊ शकते आणि तिथे मदतीला कोणी नसतं. म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारून स्ट्रेस टेस्ट केली, जिला सगळे टीएमटी म्हणतात. छातीला ईसीजीच्या तारा, हाताला बीपीचा पट्टा, आणि दर तीन मिनिटांनी ट्रेडमिलचा वेग आणि चढ वाढत जातो.

इथे एक गोष्ट आधी माहीत असायला हवी. टीएमटीमध्येही ‘टार्गेट हार्ट रेट’ बऱ्याचदा याच २२० वजा वय सूत्राने काढतात, आणि त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत पोचलं की तपासणी पुरेशी धरतात. मामांसाठी ते ८५ टक्के म्हणजे १३४. हृदयाला रक्त कमी पडतंय का हे बघायला ते चालतं, पण मशीन तिथेच थांबवलं तर मॅक्स कळत नाही. मामा तर १३४ ला भाज्यांचे भाव सांगू शकतात. म्हणून मी आधीच डॉक्टरांना कारण सांगितलं. ते म्हणाले, ईसीजी आणि बीपी नीट राहिलं तर दमेपर्यंत चालवू.

मामा अकरा मिनिटांच्या वर टिकले. ईसीजी स्वच्छ. रिपोर्टवर छापून आलं: कमाल हार्ट रेट १७१, अपेक्षित कमालीच्या १०८ टक्के.

तो कागद मी दोनदा वाचला. माणूस आपल्याच मॅक्सच्या १०८ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. तो आकडा मामांच्या हृदयाबद्दल काही सांगत नव्हता, सूत्राबद्दल सांगत होता.

## नवे झोन, आणि अजून एक सुधारणा

१७१ घेऊन टक्के काढले तर गप्पांचा १३० हा मॅक्सच्या ७६ टक्के होतो, म्हणजे झोन ३. चौथ्यावरून खाली आलो, पण दुसऱ्यात अजून नाही. याचं कारण असं की मॅक्सचे नुसते टक्के काढताना आपण शून्यापासून मोजतो, आणि जिवंत माणसाचा हार्ट रेट शून्यापासून सुरू होत नाही. मामांचा ५४ पासून सुरू होतो. १९५७ मध्ये फिनलंडच्या मार्टी कार्वोनेन यांच्या संशोधनातून जी पद्धत रूढ झाली, ती हेच दुरुस्त करते. मॅक्समधून आरामाचा हार्ट रेट वजा करायचा, जे उरेल त्याचे टक्के काढायचे आणि आरामाचा आकडा पुन्हा मिळवायचा.

मामांसाठी १७१ − ५४ = ११७. त्याचे ६० टक्के ७०, त्यात ५४ मिळवले की १२४. ७० टक्के ८२, त्यात ५४ मिळवले की १३६. म्हणजे दुसरा झोन १२४ ते १३६. गप्पांचा १३० बरोबर मध्ये बसला.

| झोन | घड्याळाचे (मॅक्स १५८ चे टक्के) | नवे (मॅक्स १७१, आराम ५४) |
|---|---|---|
| १ | ७९–९५ | ११३–१२४ |
| २ | ९५–१११ | १२४–१३६ |
| ३ | १११–१२६ | १३६–१४८ |
| ४ | १२६–१४२ | १४८–१५९ |
| ५ | १४२–१५८ | १५९–१७१ |

डावीकडचा दुसरा झोन बघा. ९५ ते १११. त्यात मामांना नुसतं चालता येतं. दीड महिना ते आज्ञाधारकपणे चालत होते आणि स्वतःला म्हातारं समजत होते.

हे बरोबर आहे की नाही हे तपासायला कुठलंही मशीन लागत नाही, बोलणं पुरतं. झोन २ मध्ये धावताना मोठी वाक्यं न अडखळता बोलता आली पाहिजेत. घड्याळ दोन म्हणतंय आणि तुम्हाला चार शब्दांवर श्वास घ्यावा लागतोय, तर झोन वर सरकलेत. घड्याळ चार म्हणतंय आणि तुम्ही गोष्ट सांगताय, तर झोन खाली सरकलेत. फक्त उन्हात हे बघू नका. आपल्याकडच्या दमट ऑक्टोबरमध्ये घाम जातो, अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं आणि त्याच वेगाला तासाभरात हार्ट रेट १० ठोके वर चढू शकतो. तो झोनचा दोष नाही. तपासणी सकाळच्या पहिल्या वीस मिनिटांत करा.

## सूत्र उलट दिशेनेही फसवतं

हे वाचून “म्हणजे साठीनंतर मॅक्स वाढवून टाकायचा” असं समजू नका. मामांच्याच ग्रुपमध्ये ५८ वर्षांचे एक काका आहेत. त्यांना बीपीसाठी मेटोप्रोलॉलची गोळी चालू आहे. ही बीटा ब्लॉकर जातीची गोळी, आणि तिचं कामच हृदयाचा वेग दाबून ठेवणं. घड्याळ त्यांचा मॅक्स १६२ धरतं. त्याचा चौथा झोन १३० ला सुरू होतो. पण गोळी चालू असताना काकांचा हार्ट रेट कितीही जोर लावला तरी १२८ च्या वर जात नाही. घड्याळ त्यांना सांगायचं ‘अजून जोर लावा’, आणि ते लावायचे. एकदा त्यांना घेरी आली, तेव्हा हे लक्षात आलं.

मामांच्या बाबतीत सूत्राने धावणं अडवलं, काकांच्या बाबतीत त्याने नको तितकं ढकललं. दुसरं जास्त धोक्याचं आहे. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या माणसासाठी कुठलंच वयाचं सूत्र चालत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून, बोलण्याच्या कसोटीवर आणि स्वतःला किती जड जातंय त्यावर धावावं. आकडा सुधारावा म्हणून गोळी स्वतःहून बंद करणं तर अजिबात नको. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर झोन कुठलाही असो, तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचे.

## सेटिंग कुठे बदलायची?

घरातल्या मोठ्या माणसांच्या घड्याळात हे बहुधा तुम्हालाच करून द्यावं लागेल. अॅपल वॉचवर `Settings` › `Workout` › `Heart Rate Zones` मध्ये जाऊन `Manual` निवडा आणि सीमा स्वतः भरा. गार्मिनमध्ये हार्ट रेट झोनच्या सेटिंगमध्ये मॅक्सचा आकडा बदलता येतो आणि टक्के कशाचे हेही निवडता येतं. तिथे `%Max. HR` ऐवजी `%HRR` निवडलं की वर सांगितलेली कार्वोनेनची पद्धत लागू होते. इतर घड्याळांत प्रोफाइल किंवा वर्कआउटच्या सेटिंगमध्ये मॅक्स हार्ट रेटचा रकाना शोधा. तो नसेल तर झोनच्या सूचना बंद करून टाका. चुकीच्या सूचनेपेक्षा शांतता बरी.

मॅक्स मोजलेला नसेल आणि टीएमटी करायची गरज डॉक्टरांना वाटत नसेल, तर चाळिशीच्या पुढच्या निरोगी माणसासाठी सध्यापुरतं २०८ − (०.७ × वय) भरा, पण पुढच्या चार-पाच धावांत बोलून तपासा. दोन्ही जुळले नाहीत तर विश्वास बोलण्यावर ठेवा.

त्या रविवारी मी मामांच्या घड्याळात नवे आकडे भरले. तलावाच्या वाटेवर ते पन्नास मिनिटं न थांबता धावले आणि घड्याळ एकदाही थरथरलं नाही. शेवटी मनगट कानाला लावून म्हणाले, “बंद पडलं की काय रे हे?”

नाव त्यांनी काढून घेतलं नाही. जानेवारीत २१ किलोमीटर पूर्ण केले, शेवटचे दोन किलोमीटर खऱ्या झोन ४ मध्ये. तिथे मात्र ते कुणाशीच बोलत नव्हते.